ऑल्टकॉइन बिटकॉइनच्या किती पट पडतो? घसरणीचा बीटा आणि त्यावरून पैशांची वाटणी

प्रश्न: "क्रिप्टोसाठी पाच लाख बाजूला काढलेत. दोन लाख बिटकॉइनमध्ये, उरलेले इथर, सोलाना आणि एका छोट्या कॉइनमध्ये एकेक लाख. गेल्या पडझडीत बिटकॉइन थोडाच पडला, पण हे तिन्ही भलतेच आपटले. छोट्या कॉइनचा बीटा एका साइटवर १.१ दिसतो, दुसऱ्या साइटवर १.९. कोणता धरायचा आणि त्यावरून पैसे कसे वाटायचे?"

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. बीटा म्हणजे बिटकॉइन एक टक्का हलला तर हा कॉइन सरासरी किती टक्के हलतो तो आकडा. तो काही कॉइनच्या अंगावर छापलेला गुणधर्म नाही. कोणत्या दिवसांच्या भावांवरून काढला, त्यावर तो ठरतो. म्हणून आधी हे ठरवू या की तुम्हाला नेमकं काय मोजायचं आहे. माझ्या मते ते असं: बिटकॉइन जोरात पडेल त्या दिवसांत हा कॉइन किती पट पडतो, आणि तेवढं पडल्यावर माझे किती रुपये जातात. साइटवरचा बीटा चढाचे, उताराचे आणि निवांत असे सगळे दिवस एकत्र कालवून काढलेला असतो. तुमचा प्रश्न फक्त उताराच्या दिवसांचा आहे.

मी आधी शेअर बाजारात जोखीम मोजण्याचं काम करायचो, गेली काही वर्षं स्वतःचा आणि घरच्यांचा क्रिप्टोतला पैसा सांभाळतो. पोझिशन ठरवताना मी जे करतो ते क्रमाने सांगतो. सगळं एका गूगल शीटमध्ये होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बीटा आणि कोरिलेशन यांची सर्रास गल्लत होते. कोरिलेशन सांगतं की दोघं एकाच दिशेने चालतात का. किती जोरात चालतात ते त्यातून कळत नाही. बीटा म्हणजे कोरिलेशन गुणिले दोघांच्या हेलकाव्यांचं गुणोत्तर. म्हणजे कोरिलेशन ०.५ आणि हेलकावे बिटकॉइनच्या तिप्पट असतील तर बीटा १.५ येतो. कोरिलेशन ०.९ आणि हेलकावे १.६७ पट असतील तरीही १.५ च. पहिला कॉइन बराचसा स्वतःच्या मनाने हलतो, दुसरा बिटकॉइनची सावली आहे. बीटा सारखाच, पण जोखीम अगदी वेगळी. हा फरक पैसे वाटताना पुन्हा लागेल.

आता आकडे गोळा करणं. दोन्ही कॉइनचे रोजचे बंद भाव एकाच एक्स्चेंजवरून घ्या, आणि डॉलरच्या जोडीतले घ्या, म्हणजे `BTCUSDT` आणि `SOLUSDT`. रुपयातल्या जोड्या टाळा. आपल्याकडच्या एक्स्चेंजवर छोट्या कॉइनची ऑर्डर बुक पातळ असते. शेवटचा सौदा कित्येक मिनिटांपूर्वीचा असतो आणि टेदरचा, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या USDT चा, रुपयातला भाव स्वतःच वरखाली होत असतो. त्यामुळे कॉइनचा हेलकावा आणि रुपया-टेदरचा हेलकावा एकमेकांत मिसळतात. शिवाय दोन्ही कॉइनची कँडल एकाच क्षणी बंद झालेली हवी. मोठ्या एक्स्चेंजवर रोजची कँडल यूटीसीच्या मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. एकाचा भाव साडेपाचचा आणि दुसऱ्याचा रात्री बाराचा घेतला तर बीटा कमीच येणार, कारण मधल्या साडेपाच तासांतली हालचाल एकाच बाजूला मोजली जाते.

शीटमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये बिटकॉइन, C मध्ये ऑल्ट. दुसऱ्या ओळीपासून ३६५ दिवस. D आणि E मध्ये रोजचा बदल, पण साध्या टक्क्यांत न घेता लॉगमध्ये:

```
D3:  =LN(B3/B2)
E3:  =LN(C3/C2)

=SLOPE(E3:E366, D3:D366)
=SUMIF(D3:D366,"<-0.025",E3:E366)/SUMIF(D3:D366,"<-0.025",D3:D366)
=COUNTIF(D3:D366,"<-0.025")
```

`SLOPE` चं उत्तर म्हणजे नेहमीचा बीटा, साइटवर दिसतो तो. त्याच्या खालची ओळ मला महत्त्वाची वाटते. बिटकॉइन एका दिवसात अडीच टक्क्यांहून जास्त पडला असे सगळे दिवस ती निवडते, त्या दिवसांतल्या ऑल्टच्या बदलांची बेरीज करते आणि तिला बिटकॉइनच्या बदलांच्या बेरजेने भागते. बिटकॉइन त्या दिवसांत मिळून १५० एककं पडला आणि ऑल्ट २५५ एककं, तर उत्तर १.७. मी याला घसरणीचा बीटा म्हणतो. फक्त पडीच्या दिवसांवर `SLOPE` चालवणारेही बरेच आहेत, पण मी ते करत नाही. निवडलेल्या दिवसांत बिटकॉइनच्या हालचालीचा पट्टा आखूड होतो आणि एखाद्या दिवसावरून उतार भलतीकडेच झुकतो. बेरजेचं गुणोत्तर त्या मानाने स्थिर राहतं आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

निवड नेहमी बिटकॉइनच्या पडीवरून करायची, ऑल्टच्या पडीवरून कधीच नाही. ही चूक मी चांगल्या जाणकारांकडूनही पाहिली आहे. ऑल्टचा चार्ट उघडायचा, त्याचे सगळ्यात वाईट दहा दिवस शोधायचे आणि त्या दिवशी बिटकॉइन किती पडला होता ते बघायचं. असं केलं की त्या कॉइनच्या स्वतःच्या वाईट बातम्यांचे दिवस आपोआप निवडले जातात आणि गुणोत्तर चार-पाच पट येतं. आपल्याला "बिटकॉइन पडला तर" हवं आहे, "हा कॉइन पडला तेव्हा" नको.

तिसरी ओळ फक्त दिवस मोजते. २५ पेक्षा कमी दिवस आले तर उंबरठा दोन टक्क्यांवर आणा किंवा दोन वर्षांचे भाव घ्या. आठ-दहा दिवसांवरून काढलेल्या आकड्यावर पैसे लावू नका.

आता तुमचे १.१ आणि १.९. माझा अंदाज असा की एका साइटने तीस दिवस धरलेत आणि दुसरीने वर्षभर. समजा बिटकॉइनचा रोजचा हेलकावा अडीच टक्के आहे, आणि तुमच्या छोट्या कॉइनमध्ये बिटकॉइनशी संबंध नसलेला, स्वतःचा असा रोजचा पाच टक्के हेलकावा आहे. मग तीस दिवसांवरून काढलेल्या बीटातली संभाव्य चूक म्हणजे ५ भागिले (२.५ गुणिले तीसचं वर्गमूळ), सुमारे ०.३७. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट सोडायचं, हा नेहमीचा रिवाज. म्हणजे खरा बीटा १.५ असेल तरी तीस दिवसांच्या खिडकीत तो ०.८ ते २.२ कुठेही दिसू शकतो. तुमचे दोन्ही आकडे या पट्ट्यात आरामात बसतात. वर्षभराचे दिवस घेतले तर हीच चूक ०.१ च्या आसपास येते. म्हणून माझी किमान खिडकी एक वर्षाची. स्वतःचा हेलकावा काढायला शीटमध्ये तयार फॉर्म्युला आहे:

```
=STEYX(E3:E366, D3:D366)
```

तीस दिवसांच्या बीटाचा दुसरा दोष मला पैसे घालवून कळला. २०२१ च्या एप्रिलमध्ये बिटकॉइन पन्नास-साठ हजार डॉलरच्या पट्ट्यात रेंगाळत होता आणि लोक त्यातून पैसे काढून ऑल्टमध्ये घालत होते. बिटकॉइन जागच्या जागी, ऑल्ट रोज वर. अशा महिन्यात कोरिलेशन कोसळतं आणि त्याबरोबर बीटाही. माझ्याकडच्या एका कॉइनचा तीस दिवसांचा बीटा तेव्हा एकच्या खाली गेला होता. हा आता बिटकॉइनपासून सुटला, असं समजून मी त्यातली पोझिशन वाढवली. १९ मे रोजी बिटकॉइन त्रेचाळीस हजारांच्या आसपासहून दिवसात तीस हजारांपर्यंत गेला आणि तो "सुटलेला" कॉइन अर्ध्याहून खाली आला. छोट्या खिडकीतला बीटा सगळ्यात कमी दिसतो तो बहुधा पडझडीच्या अगोदरच्या उत्साहात, म्हणजे नेमका तो जास्त हवा असतो तेव्हा. त्या दिवसापासून मी तीस दिवसांचा आकडा फक्त बघतो, वापरत नाही.

आकडा वापरण्याआधी मी आणखी दोन तपासण्या करतो.

पहिली शिळ्या भावाची. छोट्या कॉइनमध्ये उलाढाल कमी असेल तर बिटकॉइन आज पडतो आणि हा उद्या-परवापर्यंत पडत राहतो. रोजच्या आकड्यांत मग बीटा कमी दिसतो. तपास सोपा आहे. हाच हिशोब तीन-तीन दिवसांच्या बदलांवर करून पाहा, म्हणजे `=LN(C5/C2)` अशा पद्धतीने, एकमेकांवर न चढणारे तुकडे घेऊन. उंबरठाही त्या मानाने वाढवा, चार-साडेचार टक्के. रोजचा बीटा १.२ आणि तीन दिवसांचा १.८ आला तर भाव शिळे आहेत, १.८ धरा. दोन्ही जवळपास सारखे आले तर रोजचा चालेल. इथर किंवा सोलानात हा फरक सहसा किरकोळ असतो. मोठा फरक पडतो तो तुमच्या तिसऱ्या कॉइनसारख्यांत.

दुसरी, एका दिवसाने आकडा बिघडवलाय का ही. एक्सआरपीचं उदाहरण घ्या. २२ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या बाजार नियामकाने, एसईसीने, एक्सआरपीमागच्या रिपल कंपनीवर खटला भरला आणि काही दिवसांत एक्सआरपीचा भाव निम्म्याहून खाली आला. बिटकॉइन त्याच काळात चढत होता. पुढे १३ जुलै २०२३ रोजी त्याच खटल्यात अंशतः रिपलच्या बाजूने निकाल लागला आणि एका दिवसात एक्सआरपीने प्रचंड उसळी घेतली, बिटकॉइन जेमतेम हलला. असे दोन-चार दिवस नेहमीच्या `SLOPE` चा आकडा वाटेल तसा ओढतात. मी E रकान्यातले सगळ्यात मोठे तीन बदल वगळून हिशोब पुन्हा करतो. आकडा ०.३ पेक्षा जास्त हलला तर ते दिवस कोणते होते ते शोधतो. त्या कॉइनच्याच बातमीचे दिवस असतील तर बीटातून काढून टाकतो, पण विसरत नाही. ते वेगळ्या खात्यात जातात, त्याबद्दल पुढे.

इथवर आल्यावर तुमच्याकडे प्रत्येक कॉइनचा एक घसरणीचा बीटा असेल. शंका असेल तिथे मी वरचा आकडा धरतो. कमी धरून चुकलो तर पैसे जातात, जास्त धरून चुकलो तर थोडी कमाई हुकते. वर्षाचाही इतिहास नसलेल्या नव्या कॉइनला स्वतःचा बीटा मी देतच नाही. त्याच प्रकारच्या जुन्या चार-पाच कॉइनचा काढतो आणि त्यातला सगळ्यात मोठा लावतो.

आता लॉग कशासाठी, ते सांगतो, कारण पैसे वाटताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. साधे टक्के धरून बीटा १.५ घेतला आणि बिटकॉइन ७० टक्के पडला, तर ऑल्ट १०५ टक्के पडायला हवा. ते अशक्य आहे. पडझड जितकी मोठी तितकं टक्क्यांचं गुणोत्तर एककडे सरकतं आणि आपल्याला वाटतं की मोठ्या मंदीत ऑल्ट काही फार वाईट नसतात. प्रत्यक्ष उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरवर होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे १५,५००. सोलाना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे २६० डॉलर, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सुमारे ८. टक्क्यांत बोलायचं तर बिटकॉइन ७७ टक्के पडला आणि सोलाना ९७ टक्के, म्हणजे सव्वा पट. ऐकायला बरं वाटतं. पण शिखरावर घातलेल्या एका लाखाचे बिटकॉइनमध्ये साडेबावीस हजार उरले आणि सोलानात तीन हजार. तुम्हाला भोगावा लागतो तो हा फरक, सातपट. लॉगमध्ये मोजलं तर गुणोत्तर २.३ येतं आणि हा फरक तेच नीट सांगतं. (या २.३ मध्ये सगळा बीटा नाही, त्यातला बराच भाग एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाल्याचा आहे. तेही पुढे.)

म्हणून पडल्यावर काय उरेल याचा हिशोब असा करायचा:

```
उरलेला भाग = (बिटकॉइनचा उरलेला भाग) ^ बीटा
शीटमध्ये:    =0.70^1.5
```

बिटकॉइन ३० टक्के पडला तर ०.७० उरतो. १.५ बीटाच्या कॉइनचा उरतो ०.५९, म्हणजे तो ४१ टक्के पडला.

घसरणीत बीटा नेहमीच वाढतो असं मात्र नाही. १२ मार्च २०२० चा दिवस घ्या. त्या एका कँडलमध्ये बिटकॉइन सुमारे ७,९०० वरून ४,८०० डॉलरवर आला आणि इथर १९४ वरून १०८ च्या आसपास. लॉगमध्ये गुणोत्तर जेमतेम १.१८. त्या दिवशी लोकांना रोख डॉलर हवे होते, त्यामुळे जे हाताशी होतं ते सगळं विकलं गेलं. कोरिलेशन एकला टेकलं, पण बिटकॉइन स्वतःच इतका हेलपाटला की हेलकाव्यांचं गुणोत्तर आखडलं. म्हणजे धक्का बाहेरून आला तर ऑल्ट बिटकॉइनच्या बरोबरीने पडतात, आणि धक्का क्रिप्टोच्या आतून, उधारीवर चढलेले भाव उतरण्यातून आला तर कितीतरी पटीने. पुढचा धक्का कुठून येईल ते तुम्हाला किंवा मला माहीत नाही. म्हणूनच वर्षभरातले पडीचे सगळे दिवस एकत्र घ्यायचे, एखाद्या गाजलेल्या दिवसावरून बीटा ठरवायचा नाही.

आता तुमचे पाच लाख. खालचे बीटा मी हिशोबासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही वरच्या पद्धतीने काढा. इथर १.२, सोलाना १.५, छोटा कॉइन २.०.

पहिला निर्णय तुमचा असतो, शीटचा नाही: किती पडीसाठी तयारी करायची? मी बिटकॉइनची ३० टक्के पड धरतो. तेजीच्या वर्षांतही ती अनेकदा झालेली आहे, त्यामुळे ती काही काल्पनिक आपत्ती नाही. या पडीत इथर ३५ टक्के, सोलाना ४१ टक्के आणि छोटा कॉइन ५१ टक्के जातो. एकेक लाख होते, म्हणजे ३५ हजार अधिक ४१ हजार अधिक ५१ हजार, एकूण एक लाख सत्तावीस हजार. तुम्ही मनात बहुधा ३० टक्के धरून नव्वद हजार समजला असाल. समान वाटणीत रुपये समान असतात, जोखीम समान नसते. तुमच्या ऑल्टच्या नुकसानातला चाळीस टक्के वाटा एकट्या छोट्या कॉइनचा आहे.

आता उलट बाजूने जाऊ. समजा ऑल्टमध्ये नव्वद हजारांचं नुकसान तुम्ही झोप न उडता सोसू शकता. तिघांना तीस-तीस हजार वाटून द्या आणि प्रत्येकाला त्याच्या पडीने भागा. इथर: ३०,००० भागिले ०.३४८, सुमारे ८६ हजार. सोलाना: ३०,००० भागिले ०.४१४, सुमारे साडेबहात्तर हजार.

छोट्या कॉइनला इथेच थांबवत नाही, कारण मघाचा स्वतःचा हेलकावा अजून हिशोबात आलेला नाही. पडझड दहा दिवस चालली असं धरा. रोजचा पाच टक्के स्वतःचा हेलकावा दहा दिवसांत पाच गुणिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १६ टक्के होतो. तो आपल्या विरुद्ध गेला असं समजून बीटाच्या पडीत मिळवायचा, तोही लॉगमध्येच:

```
=1-EXP(2.0*LN(0.70)-0.16)
```

उत्तर येतं सुमारे ०.५८. तीस हजार भागिले ०.५८, म्हणजे जवळपास बावन्न हजार. इथर-सोलानाचा स्वतःचा हेलकावा बराच कमी असतो, पण काटेकोर राहायचं असेल तर त्यांनाही हेच लावा.

तिन्ही मिळून दोन लाख दहा हजार झाले. राहिलेले नव्वद हजार रुपयांतच ठेवा. ते बिटकॉइनमध्ये टाकायचा मोह होईल, पण टाकले तर एकूण नुकसानीची मर्यादा मोडेल. तुमचे बिटकॉइनमधले दोन लाख या पडीत साठ हजार घालवतातच. साठ आणि नव्वद मिळून दीड लाख, पाच लाखांचे तीस टक्के. आधीच्या वाटणीत, छोट्या कॉइनचे ५८ टक्के धरून, हाच आकडा एक लाख चौऱ्याण्णव हजार येत होता.

आता बीटाला काय कळत नाही, ते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं तेव्हा एका आठवड्यात बिटकॉइन सुमारे पाव भाग पडला आणि सोलाना निम्म्याहून खूप खाली गेला. कारण सोलानाचा मोठा साठा एफटीएक्स आणि तिच्या भावंड कंपनीकडे, अलामेडाकडे होता. आता तो बाजारात येणार ही भीती होती. आदल्या वर्षाच्या कोणत्याही बीटात हे दिसलं नसतं. त्याच वर्षी मे महिन्यात टेराचा लुना ऐंशी डॉलरच्या आसपासहून काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आला. तो बीटाचा प्रश्नच नव्हता, यंत्रणाच कोसळली. वगळलेल्या बातमीच्या दिवसांचं वेगळं खातं म्हणालो ते याचसाठी. माझा नियम असा की कोणत्याही एका ऑल्टमध्ये, त्याचा बीटा कितीही कमी निघो, शून्य झाला तरी चालेल एवढीच रक्कम ठेवायची. वरच्या हिशोबातून येणारी रक्कम आणि ही रक्कम, यातली जी लहान ती खरी. तुमच्या छोट्या कॉइनचे बावन्न हजार पूर्ण गेले तर चालतील का, हा प्रश्न स्वतःला विचारा. नाही असं उत्तर आलं तर आकडा आणखी खाली आणा.

आणखी एक मर्यादा रोजच्या बंद भावाची. १० ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे ११ तारखेची पहाट उजाडायच्या आत, काही मिनिटांत बाजार कोसळला. एकोणीस अब्ज डॉलरहून जास्त उधारीच्या पोझिशन जबरदस्तीने बंद झाल्याच्या नोंदी आहेत. काही ऑल्टचे भाव काही एक्स्चेंजवर क्षणभर सत्तर-ऐंशी टक्के खाली टेकले आणि पहाटे साडेपाचला कँडल बंद होईपर्यंत बरेच वर आले होते. आपल्या शीटमध्ये त्या दिवसाची नोंद होते ती बंद भावाची, म्हणजे त्यातली सौम्य. स्पॉटमध्ये धरून बसलेल्याला ती पुरते. स्टॉप-लॉस लावणाऱ्याला किंवा फ्युचर्समध्ये उधारीने असलेल्याला पुरत नाही, त्याचा सौदा त्या तळाला तुटतो. तुम्ही लिव्हरेज वापरत असाल तर बंद भावाऐवजी दिवसाचा नीचांक घेऊन हा सगळा हिशोब करा. निघणारी रक्कम बरीच लहान असेल, आणि ती तशीच असायला हवी.

राहिलं ते आकडे परत केव्हा काढायचे. मी तिमाहीला एकदा काढतो. बीटा ०.३ पेक्षा कमी बदलला असेल तर काही करत नाही, तो फरक बऱ्याचदा मोजमापातल्या चुकीचाच असतो. त्याहून जास्त बदलला तरी लगेच विकून वाटणी जुळवत नाही, कारण आपल्याकडे विकणं महाग पडतं. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात परत जुळवता येत असला तरी तोवर रक्कम अडकते. म्हणून मी नवे पैसे ठरवलेल्यापेक्षा कमी रक्कम असलेल्या बाजूला टाकून वाटणी हळूहळू सरळ करतो, आणि ठरवलेल्या रकमेच्या दीडपट झालेली पोझिशनच कापतो. तुमच्याकडे आत्ता छोट्या कॉइनमध्ये लाख रुपये घातलेले आहेत. गेल्या पडझडीनंतर ते आज किती उरलेत ते आधी पाहा. पन्नास-पंचावन्न हजार उरले असतील तर विकायची गरजच नाही, फक्त स्वस्त झालाय म्हणून त्यात भर घालू नका.